करार झालाय, फोटो काढलाय, खालचा मजकूर कसा लिहू?

कर्लीकाठ
नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळच्या एका आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा शिल्प निदेशक आहे. बोटींची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीशी गेल्या आठवड्यात आमच्या संस्थेचा सामंजस्य करार झाला. प्राचार्य आणि कंपनीचे सर्व्हिस विभागाचे प्रमुख फाईल हातात धरून उभे आहेत, असा फोटो आहे. त्याखाली टाकायचा मजकूर माझ्या गळ्यात आलाय. तो संस्थेच्या फेसबुक पानावर जाईल, दोन स्थानिक पेपरांना जाईल आणि प्रवेशाच्या वेळी दारातल्या फलकावरही लागेल. म्हणजे दहावी झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील तो वाचून ट्रेड निवडणार.

पहिला खर्डा असा (नावं गाळली आहेत):

"संस्थेच्या वाटचालीतील सुवर्णक्षण! सागरी डिझेल इंजिन निर्मितीतील अग्रगण्य कंपनीशी सामंजस्य करार. विद्यार्थ्यांना मिळणार अत्याधुनिक इंजिनांवर प्रशिक्षण, आकर्षक विद्यावेतन आणि शंभर टक्के नोकरीची हमी. कंपनीला मिळणार कुशल मनुष्यबळ. कोकणच्या विकासाला नवी गती!"

लिहून झाल्यावर मलाच बरं वाटेना. विद्यार्थ्यांचा फायदा आणि कंपनीचा फायदा, दोन्ही सांगायचंय, पण हे कुठल्याही कराराखाली चालेल. काय बदलू?

मधली_आळी
अभिनंदन सर. मी रत्नागिरीत एका दैनिकाच्या डेस्कवर बावीस वर्षं काढली. असे फोटो रोज चार यायचे आणि खालचा मजकूर आम्ही जवळजवळ पूर्ण कापायचो. "सुवर्णक्षण", "अग्रगण्य", "अत्याधुनिक", "नवी गती" हे चारही आधी काढा. मग जे उरेल ते बघा. तुमच्या खर्ड्यात फक्त "शंभर टक्के नोकरीची हमी" उरते. म्हणून विचारते, करारात तसं लिहिलंय का?

कर्लीकाठ
@मधली_आळी ताई, नाही. करारात "पात्र प्रशिक्षणार्थींचा भरतीच्या वेळी विचार केला जाईल" असं आहे.

मधली_आळी
मग हमी नाही. विचार आहे.

चाकरमानी_डोंबिवली
पण सामंजस्य करार म्हणजे कायदेशीर कागद ना? सही झाली, शिक्का बसला. उद्या कंपनीने पोरांना घेतलं नाही तर संस्थेने सरळ कोर्टात जावं. त्यामुळे हमी लिहायला हरकत नसावी. शिवाय हल्ली शिकाऊ उमेदवार घेतला की कंपनीला त्याचा पीएफ भरावा लागतो, म्हणजे तो कामगारच झाला.

लोटेकर
मी लोटे परशुरामला एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. शिकाऊ उमेदवारांचं काम बारा वर्षं करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चाकरमानी, सामंजस्य करारात सहसा दोघांनी काय करायचं ठरवलंय एवढंच असतं. मोडला तर काय, याचं कलम नसतं. कोर्टात जाऊन हाती काही लागत नाही. खरा बांधणारा कागद दुसराच. तो प्रत्येक मुलाचा स्वतंत्र असतो. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ खाली कंपनी आणि मुलगा यांच्यात करार होतो आणि तो apprenticeshipindia.gov.in या पोर्टलवर नोंदवावा लागतो. किती महिने, कुठल्या ट्रेडमध्ये, किती विद्यावेतन, हे त्यात असतं. सरांच्या संस्थेचा करार हा त्या कागदापर्यंत पोचायचा रस्ता आहे.

पीएफचं उलट आहे. या कायद्याखालचा उमेदवार कामगार धरला जात नाही, म्हणून त्याला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही. पण काम करताना त्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही.

आणि नोकरी. कायदाच सांगतो की उमेदवारी संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. कंपनीने त्याबद्दल स्वतःचं धोरण ठरवायचं. म्हणून सर, "हमी" हा शब्द तुम्ही लिहिलात तर तो तुमचा शब्द होईल, कंपनीचा नाही. वर्षभराने पालक तुमच्या दारात येतील.

कर्लीकाठ
हे लख्ख कळलं. शब्द काढला. आता करारात काय आहे ते सांगतो, म्हणजे मजकूर त्यावर उभा राहील.

एक. कंपनी दोन चालू इंजिनं तीन वर्षांसाठी वापरायला देणार, मालकी त्यांचीच. शिवाय एक कापून आतले भाग दाखवणारं इंजिन. दोन. आमच्या दोघा निदेशकांना वर्षातून एकदा कंपनीत आठवडाभर प्रशिक्षण. तीन. कोर्स संपल्यावर दरवर्षी सहा मुलांना एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या त्यांच्या सर्व्हिस केंद्रांवर. विद्यावेतन "नियमानुसार". शेड, वीज, पाणी, डिझेल संस्थेचं.

आमची तुकडी चोवीसची आहे.

स्पॅनर
सर, चोवीसातले सहा. हे मजकुरात आकड्याने लिहा, हात जोडून सांगतो.

मी असाच एक फोटो बघून प्रवेश घेतला होता. संस्थेचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. फलकावर "शंभर टक्के" होतं. वडिलांनी तो फलक मोबाईलमध्ये काढून गावात सगळ्यांना दाखवला. कोर्स झाल्यावर आम्ही अकराजण गेलो. पहिले चार महिने आम्ही सुटे भाग खोक्यात भरत होतो. रोजच्या कामाची नोंदवही दिली होती, तिच्यात पर्यवेक्षक महिन्याच्या शेवटी एकदम सह्या करायचे. एकदा विचारलं की आज पंप खोलायला मिळेल का, तर म्हणाले आधी पाचशे खोकी पूर्ण करा. विद्यावेतन दोन-दोन महिने उशिरा. मी सहाव्या महिन्यात सोडून आलो, त्यामुळे प्रमाणपत्रही नाही.

आज मी चिपळूणला गॅरेजमध्ये काम करतो, कुणाबद्दल मनात राग नाही. पण मुलं काय काम करणार, हे त्या मजकुरात असतं तर मी ते कंपनीला दाखवू शकलो असतो.

लोटेकर
@स्पॅनर, वाईट वाटलं वाचून. असं होतं, आमच्याच वसाहतीत पाहिलंय. पुढे कुणाला झालं तर नोंदवहीत रोज स्वतः तारीख घालून लिहा, "आज पॅकिंग" असं स्पष्ट. मग शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात तक्रार करताना हाती काहीतरी असतं. कोरी वही घेऊन गेलात तर तेही काही करू शकत नाहीत.

देवगडहापूस
माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, पीसीएम. त्याला या कंपनीत थेट घेतील का? विद्यावेतन किती? आणि हापूसच्या हंगामात सुट्टी मिळेल का, बागेत माणसं मिळत नाहीत.

कर्लीकाठ
@देवगडहापूस दादा, ही कंपनीची भरती नाही. आधी डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करायचा, प्रवेश दहावीवर. त्यानंतर उमेदवारी. सुट्टीचं मी सांगू शकत नाही.

देवगडहापूस
अच्छा. फोटोखाली हेही लिहा की मग, आम्हाला वाटलं भरती.

मधली_आळी
सर, हे लक्षात घ्या. सगळे वाचक असंच वाचतात. "कोर्सनंतर" हा शब्द आलाच पाहिजे.

नाखवा_मालवण
सर, कॅप्शन मागसून बघूया. पयला सांगा, ती पोरां बोटीर चढतली काय? की शेडात उभी रवान इंजिन बघतली?

मालवणीत लिहिलं की लांबतं, म्हणून साधं लिहितो. माझ्या दोन बोटी आहेत. तुम्ही "कंपनीला कुशल मनुष्यबळ" म्हणता ना, त्याचा अर्थ मी सांगतो.

एक जून ते एकतीस जुलै बंदी. बोट किनाऱ्यावर ओढलेली. गेल्या वर्षी एक ऑगस्टला पूजा केली, बर्फ भरला, डिझेल भरलं, सात खलाशी आणि तांडेल घेऊन निघालो. दोन तासांत इंजिन तापलं. माझं इंजिन तुमच्या कंपनीचं नाही, दुसऱ्या एकाचं, नाव नको. परत आणलं. त्यांच्या माणसाला फोन केला तर तो घाटावर, म्हणाला हंगामाची सुरुवात आहे, सगळ्या बंदरांवरनं फोन येतायत, परवा येतो. तिसऱ्या दिवशी आला. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चक्र फाटलं होतं. नवीन घातलं आणि गेला. आम्ही परत निघालो, परत तापलं.

तो परत यायला आणखी दोन दिवस. बर्फ वितळला, खलाशांचा खर्च चालू, बाजूच्या बोटी मासळी घेऊन येतायत आणि आम्ही धक्क्यावर बसून.

दुसऱ्यांदा काय निघालं सांगू? जुन्या चक्राला सहा पाती होती. दोन तुटून पाण्याबरोबर पुढे गेलेली. ती कूलरच्या तोंडाशी अडकून नळ्या बंद. पहिल्या खेपेला त्याने जुनं चक्र हातात घेऊन पाती मोजली असती तर तेव्हाच कळलं असतं. मोजायला अर्धा मिनिट. नाही मोजली म्हणून आणखी दोन दिवस गेले.

मालवणात तसा एक पोरगा असता तर कंपनीच्या माणसाच्या घाटावरून दोन खेपा वाचल्या असत्या. गॅरंटीत होतं, म्हणजे त्या दोन खेपांचा खर्च कंपनीचाच. कंपनीचा फायदा तो.

स्पॅनर
नाखवाकाका, एक विचारतो. बंदीच्या दोन महिन्यांत ते चक्र पंपातच होतं का?

नाखवा_मालवण
होय, आतच. काढायचं असतं काय?

स्पॅनर
काढून ठेवलेलं चांगलं. पंपाचं घर एका बाजूला चपटं असतं, तिथे एक-दोन पाती कायम दुमडलेली राहतात. दोन महिने तशीच राहिली की रबर तो वाक धरतं आणि कडक होतं. मग चालू केल्यावर मुळाशी तुटतं. आणि पहिल्यांदा चालू करताना खेच नळी कोरडी असेल तर पाण्याशिवाय मिनिटभर फिरलं तरी पाती जळतात. जुलैअखेर घालताना थोडं साबणपाणी किंवा ग्लिसरीन लावायचं, ग्रीस किंवा ऑइल नको, रबर फुगतं. आणि निघण्याआधी बाजूने पडणारी पाण्याची धार बघायची. धार बारीक झाली तर काटा चढायच्या आधीच थांबायचं.

नाखवा_मालवण
ह्या माका पंचवीस वर्षांत कोणी सांगूक नाय. देव बरे करो बाबा.

कर्लीकाठ
@नाखवा_मालवण काका, तुमच्या पहिल्या प्रश्नाने मला अडवलंय. प्रामाणिक उत्तर असं की करारात बोट नाही. इंजिनं शेडमध्ये स्टँडवर बसणार. ड्रममधून नळाचं पाणी फिरवून गार करणार. मुलं उघडतील, जोडतील, चालू करतील. पण खाऱ्या पाण्याने कूलर कसा होतो, झिंकचा तुकडा कसा खाल्ला जातो, ते नळाच्या पाण्यावर कधीच दिसणार नाही. म्हणजे मी खर्ड्यात "प्रत्यक्ष प्रशिक्षण" लिहिणार होतो, तेही अर्धंच खरं.

चाकरमानी_डोंबिवली
झिंकचा तुकडा म्हणजे गंज लागू नये म्हणून लावतात तो ना? तो खाल्ला गेला म्हणजे माल खराब, कंपनीला परत करायचा.

स्पॅनर
उलट, तो खाल्ला जाण्यासाठीच असतो. तो झिजतो म्हणून तांबं-पितळ वाचतं. महिनोन्‌महिने तसाच कोरा राहिला तर शंका घ्यायची, की रंग मारलाय किंवा त्याचा धातूशी नीट संपर्क नाही. अर्ध्याहून झिजला की बदलायचा. बरेचजण तो संपल्यावर तिथे नुसता पितळी बूच लावतात, मग हंगामाअखेर कूलरच्या नळीला भोक आणि इंजिनात खारं पाणी.

लोटेकर
मी कंपनीच्या बाजूने दोन गोष्टी घालतो, कारण सरांच्या मजकुरात कंपनीचा फायदा एकाच ओळीत आणि तोही मोघम आहे. लोकांना वाटतं कंपनी उपकार करते. तसं नसतं आणि तसं लिहूही नये.

नाखव्यांनी सांगितलेला फायदा खरा आणि मोठा आहे, तो गॅरंटीच्या खर्चाचा. दुसरा असा की ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत, कंत्राटी धरून, तिला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे. मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. समजा कंपनीत १२० माणसं आहेत. तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त अठरा उमेदवार. तुमचे सहा घेतले की त्यांची कमीत कमी संख्या भरून वर तीन होतात. शोधत फिरावं लागत नाही, आणि आलेला मुलगा त्यांच्याच इंजिनावर वर्षभर हात फिरवून आलेला असतो. नव्या मुलाला इंजिन दाखवण्यात जे पहिले तीन-चार महिने जातात ते वाचतात.

विद्यावेतनाबद्दल "नियमानुसार" कधीच लिहू नका. आकडा विचारा. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७,००० होते. तो तळ आहे, छत नाही. आता किमान किती ते पोर्टलवर बघून घ्या आणि कंपनी प्रत्यक्षात किती देणार ते लेखी मागा.

कर्लीकाठ
आज फोन केला. सर्व्हिसप्रमुख म्हणाले ८,५००. मेलवर पाठवतो म्हणाले, आणि तासाभरात पाठवलंही. मी उगाच संकोचत होतो.

चाकरमानी_डोंबिवली
झकास! अधिक सरकार देतं ते १,५००. म्हणजे पोराच्या हातात दहा हजार. दहा लिहा.

लोटेकर
नाही हो चाकरमानी, तुमचं अर्धं बरोबर आहे. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचे २५ टक्के देतं, पण जास्तीत जास्त १,५००. ते ८,५०० च्या आतलेच, वरचे नाहीत. ८,५०० चे २५ टक्के २,१२५ होतात, मर्यादेमुळे १,५०० च मिळतात. ते थेट मुलाच्या खात्यात येतात. उरलेले ७,००० कंपनी भरते. एकूण ८,५०० च.

म्हणूनच खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे सरांनी कोर्सच्या शेवटच्या महिन्यात प्रत्येकाचं तपासावं. आमच्याकडे दोन मुलांचे सरकारी पैसे एवढ्यासाठी महिनोन्‌महिने अडकले आणि दोघांनाही वाटलं कंपनीने कापले.

सुमन_वेंगुर्ला
सर, मुलींचं काय? माझ्या बहिणीची मुलगी तुमच्याच ट्रेडला जायचं म्हणते. हुशार आहे, घरची मोटार तीच खोलते. पण सहा जागा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या केंद्रांवर. तिला रत्नागिरीला पाठवलं तर राहायचं कुठे? ८,५०० मध्ये खोली आणि जेवण कसं बसवायचं?

कर्लीकाठ
@सुमन_वेंगुर्ला ताई, आमच्या तुकडीत यंदा तीन मुली आहेत आणि त्यातली एक नोझल टेस्टिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे आहे. राहण्याबद्दल करारात काही नाही. मी कंपनीला विचारलं की कुडाळ-मालवणच्या मुलांना जवळचं केंद्र देता येईल का. "शक्य तिथे" असं उत्तर आलं. यापुढे माझ्या हातात अजून काही नाही.

सुमन_वेंगुर्ला
मग ते "शक्य तिथे" मजकुरात घालू नका. आम्ही त्यावर विसंबून राहू. काय मिळत नाही तेही लिहिता येतं का हो कॅप्शनमध्ये?

मधली_आळी
@सुमन_वेंगुर्ला, येतं. पेपरमध्ये जागा नसते, पण फलकावर आणि फेसबुकवर का नको? "राहण्याची सोय प्रशिक्षणार्थींनी करायची आहे" ही पाच शब्दांची ओळ आहे. तीच ओळ वाचून एखादी आई आधीपासून तयारीला लागेल.

सर, तुम्ही दोन मजकूर करा. पेपरला चार ओळी: कोण, कुणाशी, कशासाठी, किती मुलं, किती काळ. फोटोत डावीकडून कोण ते. फेसबुक आणि फलकाला मोठा.

प्लंबबॉब
उशिरा आलो. सगळं वाचलं. डिझेलचा खर्च कुणी धरला का? मी दुसऱ्या एका संस्थेत होतो. तिथे असंच एक इंजिन आलं, उद्घाटनाला पाच मिनिटं चाललं, आणि डिझेलसाठी खर्चाचं शीर्षकच नव्हतं म्हणून पुढे दोन वर्षं लाकडी पॅलेटवर ताडपत्रीखाली. मुलं ताडपत्रीचा फोटो काढायची.

कर्लीकाठ
@प्लंबबॉब बरं झालं विचारलंत. बिनभाराचं चालवलं तर तासाला दीड-दोन लिटर जाईल. आठवड्याला दोन तास, चाळीस आठवडे, दोन लिटरने १६० लिटर. लिटरला ९० धरले तर वर्षाला १४,४०० रुपये. व्यवस्थापन समितीत ठेवून मंजूर करून घेतो. करारावर सही होण्याआधीच घ्यायला हवं होतं, ही माझी चूक झाली.

प्लंबबॉब
आणि बिनभाराचं तासन्‌तास नको. इंजिन नीट गरम होत नाही, नोझलवर काजळी धरते. मुलांना भाराखाली धूर कसा बदलतो तेही दिसत नाही. पाण्याचा ब्रेक किंवा जुना जनरेटर जोडता आला तर बघा.

कर्लीकाठ
जुना जनरेटर इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या शेडात आहे. कपलिंग बनवायला टर्नरची मुलं मिळतील. बघतो. भार लावला की डिझेलही वाढेल, म्हणजे १४,४०० पुरणार नाहीत. समितीपुढे आकडा परत मांडावा लागेल.

नाखवा_मालवण
सर, माझो तो जुनो कूलर घरामागे पडलोसा. नळयेत मीठ, कालवां, सगळा आसा. बूच लावलेलो झिंकाच्या जाग्यार. फुकट न्या. पोरांका उघडूक द्या. आणि ता फाटलेला चक्र पण आसा, चार पात्यांचा.

कर्लीकाठ
काका, तुम्ही करारातली उणीव भरून काढलीत. शेडमध्ये पहिल्याच दिवशी ते चक्र मुलांच्या हातात देणार आणि विचारणार, यात काय कमी आहे?

आता नवा मजकूर. फलक आणि फेसबुकसाठी:

"आमच्या संस्थेचा आणि बोटींची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या (कंपनी) यांचा तीन वर्षांचा करार झाला आहे. डिझेल मेकॅनिकच्या २४ विद्यार्थ्यांना कंपनीच्या दोन चालू इंजिनांवर आणि एका कापीव इंजिनावर संस्थेतच काम करायला मिळेल. कोर्सनंतर दरवर्षी सहाजणांना कंपनीच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सर्व्हिस केंद्रांवर एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी मिळेल. काम इंजिन उघडणे, दुरुस्ती आणि बंदरावरील सर्व्हिसचे. विद्यावेतन महिना एकूण ८,५०० रुपये. राहण्याची सोय प्रशिक्षणार्थींनी करायची आहे. उमेदवारीनंतर भरतीच्या वेळी कंपनी त्यांचा विचार करेल, नोकरीची हमी नाही. कंपनीला आपल्या इंजिनाची माहिती असलेले मेकॅनिक किनाऱ्यावरच मिळतील, गॅरंटीच्या दुरुस्तीसाठी घाटावरून माणूस पाठवण्याची गरज कमी होईल आणि कायद्यानुसार घ्यायचे उमेदवार जवळच मिळतील."

पेपरसाठी:

"(संस्था) व (कंपनी) यांच्यात बोटींच्या डिझेल इंजिन प्रशिक्षणासाठी तीन वर्षांचा करार झाला. दरवर्षी सहा विद्यार्थ्यांना कोर्सनंतर एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी मिळेल. छायाचित्रात डावीकडून कंपनीचे सर्व्हिसप्रमुख व संस्थेचे प्राचार्य."

मधली_आळी
पेपरचा जसाच्या तसा छापला जाईल. मोठ्यात "सहाजणांना" आहे, ते सहाजण कसे निवडणार? मार्कांवर, की कंपनी मुलाखत घेणार?

कर्लीकाठ
ते अजून ठरलेलं नाही. मी गुणांसोबत हजेरीही धरा म्हणतोय, कंपनीला मुलाखत हवी आहे.

स्पॅनर
"काम इंजिन उघडणे, दुरुस्ती" हे वाचून बरं वाटलं. कंपनीने ही ओळ वाचली आहे का? त्यांना पाठवून होकार घ्या, मेलवरच. नाहीतर ती ओळ फक्त आपली राहील.

लोटेकर
स्पॅनरचं अगदी बरोबर आहे. आणि "बंदरावरील सर्व्हिस" म्हणजे मुलगा पाण्यातल्या बोटीवर चढणार. तिथे पाय घसरला तर भरपाईचं काय, हे त्यांच्याकडून आधी स्पष्ट करून घ्या. धक्क्यावर आणि बोटीवर, दोन्ही लेखी.

कर्लीकाठ
आत्ताच दोन्ही प्रश्न मेलवर टाकले. उत्तर येईपर्यंत मोठा मजकूर थांबवतो, पेपरचा उद्या पाठवतो.

चाकरमानी_डोंबिवली
मी गणपतीला येतोय. शेड बघायला येऊ का? आणि ८,५०० चं कळलं, भावाला तेच सांगितलं.

कर्लीकाठ
जरूर या.

नाखवा_मालवण
सर, कूलर शुक्रवारपर्यंत न्या. भंगारवालो शनिवारी येता. टेम्पो घेवन येवा, दोघाजणांका उचलूचो नाय.

कर्लीकाठ
गुरुवारी सकाळी येतो, चार मुलं घेऊन.

सुमन_वेंगुर्ला
चौघांत एक मुलगी असेल ना?

कर्लीकाठ
दोन आहेत.